फोटोतली पश्मिना : दशा, वीण आणि लेबल

थंडी सुरू झाली की मोबाइलवर शालींचे फोटो येऊ लागतात. काश्मीरहून आलेला एखादा विक्रेता, प्रदर्शनातला स्टॉल, ओळखीतून मिळालेला नंबर. आणि प्रत्येक फोटोखाली ‘प्युअर पश्मिना’. किंमत कुठे बाराशे, कुठे साडेआठ हजार, कुठे पंचवीस हजार. शाल हातात न घेता, केवळ फोटोवरून काय ठरवता येतं? बरंच काही, पण एकाच बाजूने. फोटो पाहून ‘ही पश्मिना नाही’ असं पुष्कळदा खात्रीने म्हणता येतं. ‘ही पश्मिनाच आहे’ असं फोटोवरून कोणालाही म्हणता येत नाही. हा फरक लक्षात ठेवला, तर फसवणुकीतला मोठा भाग टळतो.

त्यासाठी आधी खरी वस्तू कशी तयार होते ते पाहू. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, चांगपा पशुपालक ज्या शेळ्या पाळतात त्यांच्या अंगावर जाड केसांखाली एक अतिशय मऊ थर येतो. वसंतात तो गळायला लागला की कंगव्याने विंचरून काढतात. हाच पश्म. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. पश्मचा तंतू १२ ते १६ मायक्रॉनचा. जाडे केस निवडून टाकल्यावर एका शेळीपासून वर्षाला इतका थोडा पश्म उरतो, की एका शालीला दोन-तीन शेळ्यांचा लागतो. काश्मीरमध्ये बायका तो चरख्यावर कातात आणि विणकर हातमागावर विणतात.

इथेच फोटो वाचायची किल्ली आहे. तंतू नाजूक आणि आखूड, म्हणून हाताने कातलेलं सूत सगळीकडे सारख्या जाडीचं येत नाही, आणि यंत्रमागाचा ताण त्याला सोसत नाही. यंत्रावर विणायचं तर सुतात नायलॉनसारखा आधाराचा धागा मिसळावा लागतो. पुढे काही ठिकाणी तो आम्लात विरघळवून काढतात. त्यात मूळ तंतूही दुबळा होतो. काही ठिकाणी तो तसाच राहतो. म्हणजे प्रश्न दोन आहेत : तंतू कसला आहे, आणि काम हाताचं आहे का. दशा आणि वीण यांचे फोटो मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात. पहिल्याचं उत्तर त्यांतून फक्त अंदाजाने मिळतं.

दशांपासून सुरुवात करू, कारण विक्रेते त्यांचाच फोटो सर्वांत आधी पाठवतात. हातमागाच्या साध्या पश्मिना शालीला दशा म्हणजे मागावरून उतरवताना उरलेली उभ्या धाग्यांची टोकं. ती बहुधा आखूड असतात, जरा विस्कटलेली, आणि जवळून पाहिली तर टोकाशी धुरकट मऊ पिंजलेली दिसतात. त्यांना चमक नसते. याउलट बाजारातल्या बहुसंख्य ‘पश्मिना’ स्टोलना बोटभर लांबीचे, दोरीसारखा पीळ दिलेले, एकसारख्या अंतरावरचे गोंडे असतात. असा गोंडा वळवायला धागा दमदार लागतो. तो बहुधा व्हिस्कोसचा, रेशमाचा किंवा जाड लोकरीचा असतो. व्हिस्कोसची टोकं सरळ, एकमेकींना समांतर आणि चमकदार दिसतात. अ‍ॅक्रिलिकची टोकं फुगीर असतात. सुरुवातीला ती लोकरीसारखी वाटतात, पण उजेडात त्यांचा प्लॅस्टिकसारखा तुकतुकीतपणा लपत नाही.

तरीही पिळाचे गोंडे दिसले की शाल खोटीच, असं मी म्हणणार नाही. पश्मिना आणि रेशीम यांच्या प्रामाणिक मिश्रणाच्या शालींनाही असे गोंडे असतात, आणि त्या मिश्रण म्हणून विकल्या तर त्यात काही गैर नाही. शिवाय उलटी चलाखीही चालते : साध्या लोकरीच्या शालीच्या दशा कात्रीने आखूड करून ब्रशने पिंजल्या की त्या फोटोत खऱ्यासारख्या दिसतात. म्हणून दशांवर थांबू नये.

विणीचा फोटो विक्रेत्याने आपणहून पाठवलेला नको. कसा काढायचा ते सांगून मागवावा. शाल दिवसा खिडकीच्या काचेसमोर एकपदरी धरायची, फ्लॅश बंद ठेवायचा, मोबाइल वीतभर अंतरावर आणायचा आणि शेजारी मोजपट्टी ठेवायची. मोजपट्टीमुळे सूत किती बारीक आहे ते कळतं, नाहीतर फोटो मोठा करून जाड विणही बारीक भासवता येते. पाठीमागून उजेड आला की हातकताई उघड दिसते : काही धागे किंचित जाड, काही बारीक, मधे कुठे दाट पट्टा, कुठे विरळ. काठही अगदी पट्टीने आखल्यासारखा नसतो. पश्मिनात ‘चश्म-ए-बुलबुल’ नावाची बारीक चौकटींची वीण प्रसिद्ध आहे. हातमागावर तिच्या चौकटी जवळजवळ सारख्या असतात, पण तंतोतंत नाहीत. यंत्रमागावरच्या चौकटी या टोकापासून त्या टोकापर्यंत तंतोतंत येतात. इचलकरंजी किंवा मालेगावात यंत्रमागाचं कापड जवळून पाहिलेल्या वाचकाला हा फरक शिकवावा लागणार नाही.

नक्षीची शाल असेल तर उलट्या बाजूचा फोटो अवश्य मागावा. कोयरीची नक्षी सुलट बाजूला लाल जमिनीवर पिवळी आणि उलट्या बाजूला पिवळ्या जमिनीवर लाल अशी आरशासारखी उलटली असेल, तर ती जॅकार्ड यंत्रावरची वीण आहे. पदपथावर ‘पश्मिना’ म्हणून मिळणारे व्हिस्कोसचे बहुतेक स्टोल याच जातीचे.

हे सगळं पार करूनही एक शाल फसवू शकते. पुण्यातल्या माझ्या परिचित बाईंनी अशाच एका शालीचे फोटो मला दाखवले होते. विक्रेता साडेआठ हजार मागत होता. दशा आखूड, मऊ, चमक नसलेल्या. खिडकीसमोरच्या फोटोत वीण स्वच्छ, काठ थोडा वाकडा. माग हाताचा आहे, हे दिसत होतं. मात्र सूत शंकास्पद रीतीने एकसारखं होतं, त्यात ती जाड-बारीक लय नव्हती. लेबलावर सोनेरी अक्षरांत ‘प्युअर पश्मिना, मेड इन काश्मीर’ एवढंच होतं, तंतूचं प्रमाण नाही, क्रमांक नाही. मी बिलाचा नमुना मागवायला सांगितलं. त्यावर लिहिलं होतं ‘फाइन वूल शाल’. परत घेण्याची अट कबूल करून बाईंनी शाल घेतली आणि दशांमधले थोडे धागे काढून प्रयोगशाळेत दिले. उत्तर आलं : तंतू शंभर टक्के लोकर, कृत्रिम काहीही नाही, पण सरासरी जाडी १९ मायक्रॉनच्या आसपास आणि तंतूवरचे खवले दाट. म्हणजे मेरिनो मेंढीची लोकर.

काश्मीरमध्ये अशा शालीला ‘रफल’ म्हणतात. बारीक मेरिनोच्या गिरणीच्या सुतावर तिथलेच विणकर ती विणतात. ती ऊबदार आणि टिकाऊ असते, रोजच्या वापराला पश्मिनापेक्षा सोयीचीही. तिच्यात खोटं काहीच नाही, खोटं आहे ते तिच्यावर लावलेलं नाव. ‘सेमी पश्मिना’ या नावाखालीही पुष्कळदा हीच किंवा असलीच मिश्र शाल असते. कृत्रिम धाग्याची शाल फोटोत बहुधा पकडली जाते; पश्मिनाच्या नावाने विकलेली रफल मात्र पकडली जात नाही, कारण १५ आणि १९ मायक्रॉनमधला फरक कुठल्याही मोबाइल कॅमेऱ्याला दिसत नाही.

घरगुती कसोट्याही इथे कामाच्या नाहीत. अंगठीतून शाल ओढून दाखवतात, पण पातळ रेशीम आणि व्हिस्कोसही अंगठीतून सहज जातं. धागा जाळून पाहण्याने अ‍ॅक्रिलिक उघडं पडतं, कारण ते वितळून कडक गोळी होतं. व्हिस्कोसला जळक्या कागदाचा वास येतो. मेंढीची लोकर आणि पश्म दोन्ही मात्र जळक्या केसांच्या वासाने, चुरडली जाणारी राख ठेवून जळतात. दोन्हींत भेद दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली : पश्मच्या तंतूवरचे खवले पातळ आणि लांब-लांब अंतरावर असतात, मेरिनोचे जाड आणि दाट. व्हिस्कोस, अ‍ॅक्रिलिकवर खवले नसतातच. आपल्याकडे ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन ही लोकर तपासणारी संस्था आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या खरेदीदाराला अशी तपासणी फार दूरची नाही. महागडी शाल घेताना तो मार्ग लक्षात असावा.

राहता राहिलं लेबल, आणि माझ्या मते तिन्ही फोटोंमध्ये तेच सर्वांत कामाचं, अर्थात ते योग्य लेबल असेल तर. ‘काश्मीर पश्मिना’ला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०१३ पासून श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमधल्या केंद्रात शाली तपासून त्यांना शिक्का मिळतो. तिथे तीन गोष्टी पाहतात : तंतू शुद्ध पश्म आणि १६ मायक्रॉनपर्यंतचा आहे का, सूत हाताने कातलेलं आहे का, वीण हातमागाची आहे का. तिन्ही जमल्या तरच स्वतंत्र क्रमांकाचं सुरक्षित लेबल त्या शालीला लागतं. पुढे २०१९ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनेही पश्मिनाची ओळख आणि लेबल यांसाठी स्वतंत्र मानक काढलं. लेबलाच्या फोटोत हा क्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे, आणि लेबल शालीला लागलेलं दिसलं पाहिजे. सुटं, हातात धरलेलं लेबल काही सिद्ध करत नाही.

मानांकनाचा शिक्का नसलेली शालही अस्सल असू शकते, कारण सगळेच कारागीर ती केंद्रात पाठवत नाहीत. पण मग विक्रेत्याने तंतूंचं प्रमाण लेबलावर किंवा बिलावर लिहून द्यायला हवं. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट : अमेरिकेत ‘पश्मिना’ हे तंतूचं अधिकृत नाव मानलं जात नाही. तिथे विकल्या जाणाऱ्या शालीच्या लेबलावर कश्मीरी, लोकर, रेशीम, व्हिस्कोस असा प्रत्यक्ष तंतू टक्क्यांसह द्यावाच लागतो. फक्त ‘पश्मिना’ लिहिलेलं लेबल तिथे कायद्याला पुरेसं नाही. आणि ‘७०% पश्मिना, ३०% रेशीम’ अशी शाल हजार रुपयांत दिसली, तर तो आकडा वाचूनच पुढे जावं. तेवढ्यात कच्च्या पश्मचंही मोल वसूल होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो आले की विक्रेत्याकडून चार गोष्टी मागा : मोजपट्टीसह दशा, खिडकीच्या उजेडातली वीण, शालीला लागलेलं लेबल क्रमांकासह, आणि ‘शुद्ध पश्मिना’ हे शब्द लिहिलेलं बिल. पहिल्या तीन गोष्टी दिल्या आणि चौथीला टाळाटाळ केली, तर ती शाल रफलच्या भावात मागा, किंवा घेऊ नका.