गडद त्वचा आणि सनस्क्रीन : खनिज व रासायनिक प्रकारांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :
सावळ्या व गडद त्वचेवर काही सनस्क्रीन राखाडी-पांढरट दिसतात. हा दोष केवळ सौंदर्याचा नाही. चेहरा पांढुरका दिसू नये म्हणून सनस्क्रीन कमी लावले जाते आणि संरक्षण घटते. प्रस्तुत लेखात या दोषाचे कारण व उपाय यांचा विचार केला आहे.

पांढरेपणाचे कारण :
खनिज सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे कण असतात. हे कण अतिनील किरण केवळ परावर्तित करतात असा समज असला, तरी ते मुख्यतः शोषूनच घेतात. पांढरेपणा येतो तो दृश्य प्रकाश विखुरल्यामुळे. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४५, झिंक ऑक्साइडचा २.० आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा २.६ आहे. हा फरक वाढतो तसा पांढरेपणाही वाढतो. कण अतिसूक्ष्म केल्यास तो कमी होतो. मात्र टायटॅनियम डायऑक्साइडचे दीर्घ तरंगलांबीच्या अतिनील किरणांपासूनचे संरक्षणही त्यामुळे घटते. रासायनिक सनस्क्रीनमधील सेंद्रिय रेणू बहुधा विरघळलेले असल्याने ते पारदर्शक राहते.

पारदर्शकतेची मर्यादा :
पारदर्शक सनस्क्रीनमधून दृश्य प्रकाश सहज पार होतो. दृश्य प्रकाशामुळे गडद त्वचेवर दीर्घकाळ टिकणारा काळेपणा येतो, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. वांग असणाऱ्यांसाठी ही बाब महत्त्वाची ठरते. पिवळे, तांबडे व काळे आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशाचा, विशेषतः निळ्या-जांभळ्या भागाचा, बराचसा अंश शोषतात आणि पांढरेपणाही झाकतात. त्यामुळे एकाच घटकाने दोन्ही प्रश्न सुटतात.

उदाहरण :
गालांवर वांग असलेल्या सावळ्या वर्णाच्या प्राध्यापिकेचे उदाहरण घेऊ. सनस्क्रीनची प्रमाणित चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या मात्रेने होते. चेहऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर धरल्यास १.२ ग्रॅम सनस्क्रीन लागते. खरेदीपूर्वी जबड्याच्या कडेला ४ × ४ सेंटिमीटर जागेवर ३२ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण गव्हाच्या दाण्याएवढे, सनस्क्रीन लावून पाहावे. पाणी उडून गेल्यावर पांढरेपणा अधिक स्पष्ट होतो. म्हणून दहा मिनिटांनी खिडकीजवळच्या उजेडात पारख करावी. डाग राखाडी दिसल्यास अधिक गडद छटा निवडावी. योग्य छटा न मिळाल्यास आधी रासायनिक सनस्क्रीन पूर्ण मात्रेत लावावे आणि ते सुकल्यावर त्वचेच्या रंगाचे, आयर्न ऑक्साइडयुक्त फाउंडेशन लावावे. दोन्ही एकत्र कालवू नयेत. त्याने सनस्क्रीन पातळ होऊन थर असमान बसतो.

निष्कर्ष :
वांग किंवा काळे डाग नसल्यास अतिनील किरणांच्या संपूर्ण पट्ट्यापासून संरक्षण देणारे रासायनिक सनस्क्रीन गडद त्वचेस पुरेसे ठरते. ते असल्यास आयर्न ऑक्साइडयुक्त, रंगछटा असलेले सनस्क्रीन निवडणे इष्ट. अर्थात, जे पूर्ण मात्रेत लावण्यास संकोच वाटत नाही, तेच सनस्क्रीन उपयोगी पडते.