आधी मागणी, मग हकीकत

मराठी शाळेत रजेचा अर्ज लिहायला शिकलेल्या माणसाच्या हाताला एक वळण लागलेलं असतं. वर ‘विषय’, मग ‘वरील विषयास अनुसरून’, मग आजाराची किंवा लग्नकार्याची हकीकत, आणि अगदी शेवटी ‘तरी रजा मंजूर करावी ही नम्र विनंती’. तोच विद्यार्थी पुढे पुण्यात किंवा मुंबईत फ्रेंच शिकतो, फ्रान्समध्ये एमएस करायला जातो, आणि विद्यापीठाच्या कार्यालयाला पहिला ईमेल याच वळणाने लिहितो. व्याकरण बरोबर, शब्द नेमके, पण मागणी सातव्या ओळीवर. उत्तर येत नाही, किंवा येतं ते एका प्रश्नाच्या रूपात: ‘तुम्हाला नक्की कोणता कागद हवा आहे?’

हा दोष केवळ आपला नाही. कागदी पत्राची जुनी फ्रेंच पद्धतही अशीच आहे. आधी परिस्थिती, मग अडचण, मग विनंती, आणि शेवटी सलाम-दुव्याचं ते लांबलचक वाक्य. पण ते पत्र माणूस बसून पूर्ण वाचत असे. ईमेलची गोष्ट वेगळी. फ्रेंच विद्यापीठात प्रवेश, गुणपत्रकं, दाखले सांभाळणाऱ्या कचेरीला ‘स्कोलारिते’ म्हणतात. तिथल्या बाईंच्या पडद्यावर ईमेलांची रांग लागलेली असते आणि प्रत्येकाची पहिली एक-दोन वाक्यंच नजरेखालून जातात. तिथे काम दिसलं तर ते होतं. जीवनकहाणी दिसली तर ‘नंतर वाचू’ म्हणून ईमेल बाजूला पडतो.

एक प्रकरण घेऊ. लियॉंमध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टरच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मराठी विद्यार्थिनी. तिचा वर्षभराचा विद्यार्थी व्हिसा 10 सप्टेंबरला संपतो. पुढच्या वर्षासाठी राहण्याचा परवाना, म्हणजे ‘तीत्र द सेजूर’, काढायचा तर अर्ज व्हिसा संपण्याच्या चार ते दोन महिने आधी ऑनलाइन भरावा लागतो. म्हणजे तिची मुदत 10 मे ते 10 जुलै. अभ्यास मनापासून चालू आहे याचा पुरावा म्हणून गुणपत्रक लागतं. ‘रलव्हे द नोत’ हे त्याचं नाव. तिने ते विद्यापीठाच्या पोर्टलवरून 2 जूनला उतरवून घेतलं, तर त्यात पहिल्या सत्राच्या संख्याशास्त्राचे गुणच नाहीत. तिला पूर्ण गुणपत्रक हवं आहे, सहीशिक्क्यानिशी आणि 27 जूनपर्यंत, कारण जुलैच्या मध्यापासून कचेऱ्या उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद व्हायला लागतात.

तिचा पहिला मसुदा साधारण असा असतो. ‘मी भारतीय विद्यार्थिनी आहे. मी गेल्या सप्टेंबरात फ्रान्सला आले. माझा व्हिसा 10 सप्टेंबरला संपतो. परवान्याच्या नूतनीकरणासाठी गुणपत्रक मागतात. मी पोर्टलवरून ते उतरवलं, पण त्यात एका विषयाचे गुण नाहीत. म्हणून ते पूर्ण करून पाठवल्यास मी आपली आभारी राहीन.’ सगळं खरं आणि सगळं नम्र. पण कचेरीतल्या बाईंना काय करायचं आहे ते शेवटच्या वाक्यात कळतं, आणि तिथेही कोणत्या सत्राचं, कधीपर्यंत, सहीचं की साधं, हे कळतच नाही.

आता हे वाक्य उचलून वर ठेवलं की काम झालं, असं वाटतं. होत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. जुन्या क्रमातलं शेवटचं वाक्य मागच्या वाक्यांच्या खांद्यावर उभं असतं. त्यातलं ‘ते’ म्हणजे काय, ‘पूर्ण’ म्हणजे कशाने पूर्ण, हे आधी येऊन गेलेलं असतं. वर नेलं की सर्वनामं निराधार होतात. म्हणून मागणीच्या वाक्यात प्रत्येक वस्तू तिच्या पूर्ण नावाने यावी लागते. ‘तो दस्तऐवज’ नाही, तर ‘माझ्या मास्टर एकच्या पहिल्या सत्राचं पूर्ण गुणपत्रक’. सर्वनामं त्यानंतरच्या वाक्यात वापरावीत. तिथे ती सुखाने बसतात.

नव्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य मराठीत असं: ‘कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर एकच्या पहिल्या सत्राचं माझं पूर्ण गुणपत्रक, सही आणि शिक्क्यासह, उशिरात उशिरा 27 जूनपर्यंत आपण मला पाठवू शकाल का?’ फ्रेंचमध्ये त्याची सुरुवात ‘पुरिए-व्हू’ने होते, म्हणजे ‘आपण करू शकाल का’. तारखेसाठी ‘ओ प्लु तार’, म्हणजे ‘उशिरात उशिरा’, हे शब्द घ्यावेत. नुसतं ‘अव्हां’, म्हणजे ‘च्या आधी’, लिहिलं तर 27 तारीख धरायची की सोडायची याबद्दल शंका राहते.

इथे आपल्या मनात भीती असते की दारात पाऊल ठेवताक्षणी मागणं हे उद्धटपणाचं दिसेल. फ्रेंचमध्ये ही काळजी क्रियापदावर सोपवता येते. अदब वाक्यांच्या क्रमात नसून क्रियापदाच्या रूपात असते. ‘पुरिए’ हे संकेतार्थी रूप आहे. त्याच्या जागी ‘पुव्हे-व्हू’ म्हटलं की सूर रोजच्या बोलण्याचा होतो, आणि ‘ज व्हू’, म्हणजे ‘मला पाहिजे’, म्हटलं की काउंटरवर हात आपटल्यासारखं वाटतं. ‘ज सुएतरे’, म्हणजे ‘माझी इच्छा होती’, हेही चालतं. ‘मेर्सी द’ करून पुढे क्रियापद जोडण्याची पद्धत फ्रान्समध्ये फार आहे. दिसायला ते आभार असले तरी अनेकांच्या कानाला तो हुकूम लागतो. अनोळखी कचेरीला पहिल्याच पत्रात ते टाळावं, असं माझं मत आहे. ‘ज व्हू सरे रकोनेसांत’, म्हणजे ‘मी आपली आभारी राहीन’, हे अधिक औपचारिक आहे आणि निर्दोष आहे. फक्त लिहिताना शेवटचा एक ‘एस’ गळला तर संकेतार्थाचा साधा भविष्यकाळ होतो. ही चूक फ्रेंच माणसंसुद्धा करतात, कारण बोलताना बहुतेकांच्या तोंडी दोन्ही रूपं जवळपास सारखीच येतात.

मग हकीकत. क्रम उलटला की वाक्यं जोडणारा सांधाही बदलावा लागतो. जुन्या क्रमात हकीकतीकडून मागणीकडे जाताना ‘से पुरक्वा’ येतं, म्हणजे आपलं ‘म्हणून’. नव्या क्रमात मागणीकडून हकीकतीकडे जायचं असतं, आणि त्यासाठी फ्रेंचकडे एक तयार जोड आहे: ‘आं-नेफे’. ते वाक्याच्या सुरुवातीला येतं, त्यानंतर स्वल्पविराम असतो, आणि ‘आता सांगते का ते’ अशी खूण वाचणाऱ्याला मिळते. आपल्या ‘कारण’चं काम ते करतं, पण नवं वाक्य सुरू करून. इंग्रजीच्या सवयीने काही जण त्याचा अर्थ ‘वस्तुतः’ असा धरून विरोध दाखवायला वापरतात. तसं केलं की वाचणारा गोंधळतो, कारण हा शब्द आधीच्या वाक्याला दुजोरा देतो, त्याच्याविरुद्ध जात नाही. आणि क्रम उलटूनही ‘से पुरक्वा’ तसंच राहिलं, तर परिच्छेदाचा तर्कच उफराटा होतो. गुणपत्रक पाठवा, म्हणून माझा व्हिसा संपतो आहे!

तर दुसरं वाक्य: ‘आं-नेफे, राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जाला मला ते जोडायचं आहे, आणि त्याची मुदत 10 जुलैला संपते.’ तिसरं: ‘2 जूनला पोर्टलवरून उतरवलेल्या प्रतीत संख्याशास्त्राचे गुण दिसत नाहीत.’ चौथं: ‘कागद न्यायला मी कार्यालयात येऊ शकते.’ एवढंच. ‘मी भारतीय आहे’, ‘मी सप्टेंबरात आले’ ही वाक्यं गळाली, कारण त्यांच्याशिवाय काम अडत नाही. हकीकत कोणती ठेवायची याची कसोटी हीच. ती बाईंना निर्णय घ्यायला मदत करते का, किंवा घाईचं कारण सांगते का? तिसऱ्या वाक्यामुळे बाईंना चूक कुठे शोधायची ते कळतं, म्हणून ते राहिलं. नाव आणि विद्यार्थी क्रमांक परिच्छेदात कोंबायची गरज नाही. ते विषयाच्या ओळीत, म्हणजे ‘ओब्जे’मध्ये, आणि सहीखाली असावेत.

हकीकत एकाच वाक्यात बसवण्याच्या मोहात एक फसवी रचना डोकावते. मराठीत ‘मी परदेशी विद्यार्थिनी असल्यामुळे कचेरी माझ्याकडे गुणपत्रक मागते’ हे वाक्य निर्मळ आहे, कारण ‘असल्यामुळे’ला स्वतःचा कर्ता आहे. हेच फ्रेंचमध्ये ‘एतां’ने, म्हणजे ‘असून’च्या रूपाने, लिहिलं की त्या रूपाचा कर्ता मुख्य वाक्याचाच कर्ता मानला जातो. मग अर्थ होतो की कचेरीच परदेशी विद्यार्थिनी आहे. वाचणाऱ्याला आशय समजतो, पण हसू येतं. अशा वेळी दोन वाक्यं करावीत.

पाठवण्याआधीची तपासणी सोपी आहे. पहिलं वाक्य सोडून बाकी सगळं हाताने झाका. उरलेल्या वाक्यावर कोणी कामाला लागू शकेल का? कोणता कागद, कशा स्वरूपात, कधीपर्यंत, ही तिन्ही उत्तरं तिथे असली पाहिजेत. एकाच परिच्छेदात दोन मागण्या असतील तर दुसरी हमखास हरवते. गुणपत्रकासोबत शुल्काचा प्रश्न विचारायचा असेल तर त्यासाठी वेगळा ईमेल लिहावा.

ही रचना सगळीकडे चालत नाही. प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागताना पहिल्याच वाक्यात मागणी आली, तर त्यांच्या मनात आधी प्रश्न उभा राहतो की ही कोण. तिथे ‘मागच्या सत्रात मी आपल्या अमुक वर्गात होते’ हे एक वाक्य आधी हवं आणि लगेच मागणी. घरमालकाने अनामत रक्कम अडवून ठेवली आणि प्रकरण रजिस्टर्ड पत्रापर्यंत गेलं, तर क्रम पुन्हा जुना होतो. भाडेकरार कधीचा, किल्ल्या कधी परत दिल्या, रक्कम किती, असं तारीखवार सांगून मगच मागणी, कारण ते पत्र उद्या पुरावा म्हणून दाखवलं जाऊ शकतं.

आणि आठ-दहा दिवस उत्तरच आलं नाही तर? आठवणीच्या ईमेलात तक्रारीने सुरुवात करू नये. ‘ज म पेरमे द रव्हनीर व्हेर व्हू’, म्हणजे ‘आपल्याशी पुन्हा संपर्क साधण्याची मुभा घेते’, असं म्हणून त्याच वाक्यात मागणी पुन्हा पूर्ण लिहावी, तारखेसकट. ‘माझा आधीचा ईमेल पाहावा’ एवढ्यावर सोडू नये. आधीच्या ईमेलाची तारीख दुसऱ्या वाक्यात द्यावी.