नमुना जुळता जुळता राहतो तेव्हा

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरात काय शोधायचे याचा नमुना. ईमेलचा पत्ता नीट भरला आहे का, ओळीच्या शेवटी फालतू मोकळ्या जागा आहेत का, असल्या तपासण्या एका ओळीच्या नमुन्यात बसतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असे नमुने सापडतात. वर्षानुवर्षे ते बिनबोभाट चालतात. मग एखाद्या दिवशी विशिष्ट मजकूर समोर येतो आणि प्रोग्रॅम जागच्या जागी थिजतो.

याचे कारण नमुना तपासणाऱ्या इंजिनाच्या पद्धतीत आहे. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट यांच्यातील नेहमीचे इंजिन एक शक्यता धरून पुढे जाते. ती फसली की मागे येऊन दुसरी धरते. या मागे फिरण्याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. `+` हे चिन्ह ‘एक किंवा अधिक’ असे सांगते आणि इंजिन आधी जमतील तेवढी अक्षरे घेते, मग गरज पडेल तशी एकेक परत सोडते. मजकूर जुळला तर काम लगेच संपते. तो जवळजवळ जुळून शेवटच्या अक्षराला नापास झाला, तर मात्र ‘जुळत नाही’ असे म्हणण्याआधी इंजिनाला उरलेली प्रत्येक वाट चालून पाहावी लागते.

20 जुलै 2016 रोजी प्रोग्रॅमरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो 34 मिनिटे बंद पडले, ते याच कारणाने. मजकुराच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढण्यासाठी तिथे हा नमुना होता:

```
^[\s\u200c]+|[\s\u200c]+$
```

उभ्या रेघेनंतरचा भाग म्हणतो, ‘मोकळ्या जागांची रांग आणि तिच्यानंतर मजकुराचा शेवट’. त्या दिवशीच्या एका नोंदीत सुमारे 20,000 मोकळ्या जागा सलग होत्या, पण त्यांच्यापुढे आणखी अक्षरे होती. इंजिनाने पहिल्या जागेपासून 20,000 जागा ओलांडल्या, पुढे शेवट नाही हे पाहिले आणि हार मानली. मग दुसऱ्या जागेपासून 19,999, तिसरीपासून 19,998. ही बेरीज सुमारे 20 कोटींवर जाते, आणि मागे फिरतानाची पावले त्यात धरलेलीच नाहीत. ती नोंद मुखपृष्ठावर झळकत होती, त्यामुळे पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी हेच काम नव्याने होई. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे पाहणारी यंत्रणाही मुखपृष्ठच तपासत होती. उत्तर न आल्याने तिने सर्व्हर बाद ठरवले आणि संपूर्ण संकेतस्थळ बसले.

इथे मजकूर दुप्पट झाला की काम चौपट होत होते. याहून घातक प्रकार एका पुनरावृत्तीच्या पोटात दुसरी घातली की घडतो:

```
^(a+)+$
```

`aaa!` हा मजकूर याला जुळत नाही, कारण शेवटी उद्गारचिन्ह आहे. पण तीन `a` आतल्या आणि बाहेरच्या `+` मध्ये चार तऱ्हांनी वाटता येतात: तीन एकत्र, दोन आणि एक, एक आणि दोन, किंवा तिन्ही सुटे. इंजिन चारही करून पाहते. एक `a` वाढला की तऱ्हा दुप्पट होतात. 30 `a` असतील, तर त्या 53 कोटींहून अधिक होतात. एवढा मजकूर तर साध्या नावाच्या रकान्यातही मावतो, आणि सर्व्हर मुद्दाम अडकवू पाहणाऱ्याला तेवढा पुरतो.

हा दोष ओळखणे अवघड जाते, कारण त्रुटीचा संदेश येत नाही. फक्त प्रोसेसरचा एक भाग शंभर टक्के व्यग्र दिसतो. जुळणारा मजकूर देऊन केलेल्या चाचण्याही निर्धोक पार पडतात. म्हणून चाचणीत मुद्दाम शेवटी चुकणारा मजकूर द्यावा आणि तो वाढवत वेळ मोजावा. एका अक्षराने वेळ दुप्पट होत असेल, तर नमुना बदलायलाच हवा.

पुष्कळदा बदल छोटा असतो. वरच्या नमुन्याचा अर्थ `^a+$` एवढ्यातच येतो आणि त्यात वाटणीची एकच तऱ्हा उरते. स्टॅक ओव्हरफ्लोने तर तो नमुना काढून साधे फंक्शन लिहिले. टोकाच्या मोकळ्या जागा छाटायला तेच योग्य होते.

इंजिनच बदलणे हाही मार्ग आहे. केन थॉम्प्सन यांनी 1968 मध्ये मांडलेल्या पद्धतीत सगळ्या शक्यता एकाच वेळी पुढे सरकवल्या जातात, त्यामुळे मागे फिरण्याची वेळच येत नाही आणि ठरलेल्या नमुन्यासाठी काम मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढते. गूगलचे RE2 आणि गो भाषेतील इंजिन याच तत्त्वावर चालतात. त्याच्या मोबदल्यात ‘आधी सापडलेला शब्द पुन्हा इथे यावा’ अशा अटी त्यांत लिहिता येत नाहीत. ज्यांना त्या अटी हव्याच असतात, त्यांना जुन्या इंजिनावरच राहावे लागते. त्यांनी मजकुराच्या लांबीला मर्यादा घालावी आणि डॉटनेटसारख्या ज्या प्रणालींत सोय आहे, तिथे प्रत्येक तपासणीला वेळेचीही मर्यादा द्यावी.