बंद पडलेल्या वाहिनीची शेवटची तारीख

बोईसरला नवापूर रस्त्यालगत माझ्या एका परिचिताचं हार्डवेअरचं दुकान आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात एक गृहस्थ त्यांच्याकडे जाहिरात मागायला आले. पालघर-बोईसरच्या बातम्या देणारी यूट्यूब वाहिनी, चाळीस हजार सबस्क्रायबर, वर्षभराच्या जाहिरातीचे बारा हजार रुपये. "वाहिनी जोरात चालू आहे," असं त्यांनी सांगितलं. दुकानदारांनी फोन काढला, तर पहिल्याच व्हिडिओखाली लिहिलेलं होतं 'दोन वर्षांपूर्वी'. मग संध्याकाळी ते माझ्याकडे आले. खरं काय, हे बाहेरून कळतं का, असा त्यांचा प्रश्न.

बरंचसं कळतं. पण आधी त्या 'दोन वर्षांपूर्वी'चा अर्थ लावायला हवा. वर्ष उलटलं की यूट्यूब यादीत महिने मोजत नाही, पूर्ण झालेली वर्षंच तेवढी सांगतं. दोन वर्षं पूर्ण झाल्यापासून तीन पूर्ण होईपर्यंत शब्द तेच राहतात. म्हणून व्हिडिओ उघडायचा आणि खालच्या वर्णनावर बोट ठेवायचं. तिथे नेमकी तारीख मिळते. आमच्या वाहिनीची निघाली १४ जुलै २०२३. बोईसरच्या रस्त्यावर पाणी साचल्याची बातमी होती. दुकानदार म्हणाले, "पाणी तर शनिवारी सकाळी भरलं होतं, म्हणजे पंधरा तारखेला!" गंमत अशी, की ही तारीख अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घड्याळाप्रमाणे पडते. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. इकडे १५ जुलैच्या सकाळी नऊ वाजता टाकलेला व्हिडिओ तिकडे १४ तारखेच्या रात्री साडेआठला पडतो. एका दिवसाच्या फरकावरून कुणाला खोटं ठरवू नये.

तर जुलै २०२३ ही शेवटची तारीख? नाही. इथेच बहुतेक जण फसतात. २०२२ च्या अखेरीपासून वाहिनीच्या पानावर साधे व्हिडिओ, शॉर्ट्स आणि लाइव्ह यांचे कप्पे वेगवेगळे झाले. एकच कप्पा पाहून वाहिनी मेली म्हणता येत नाही. आम्ही शॉर्ट्स पाहिले. तिथे यादीत तारीख दिसतच नाही, एकेक उघडावा लागतो. त्यातला सर्वांत नवा २०२२ मधला निघाला. मग लाइव्ह पाहिलं, आणि तिथे सप्टेंबर २०२४ मधलं गणेश विसर्जनाचं प्रक्षेपण सापडलं. म्हणजे आम्ही ठरवलेली शेवटची तारीख तब्बल चौदा महिन्यांनी पुढे सरकली. पोस्टचा कप्पा मात्र रिकामा होता. आणखी एक. वाहिनीच्या मुखपृष्ठावर बहुधा गाजलेले व्हिडिओ वर मांडलेले असतात, तेव्हा कप्प्यात 'नवीनतम' हा क्रम लावूनच पाहावं.

आता व्हिडिओ टाकणं वेगळं आणि मालक जागा असणं वेगळं. पाहणाऱ्यांचा आकडा रोज वाढतो, पण तो प्रेक्षकांमुळे. मालकाने वर्षभर फोन उघडला नसला तरी जुना पुराचा व्हिडिओ पावसाळ्यात पुन्हा फिरतो. व्हिडिओआधी जाहिरात लागते म्हणून वाहिनी कमावती आहे, असंही नाही. मालकाचा करार नसला तरी यूट्यूब स्वतःहून जाहिरात दाखवू शकतं. करार असलाच, तर सहा महिने व्हिडिओ किंवा पोस्ट नसल्यास तो बंद करण्याचा अधिकार यूट्यूबने राखून ठेवलेला आहे.

जागेपणाची खूण कुठे सापडते? प्रतिक्रियांमध्ये. त्या 'सर्वांत नवीन' क्रमाने लावायच्या आणि मालकाचं उत्तर शोधायचं. त्याचं नाव वेगळ्या रंगाच्या पट्टीत उठून दिसतं. विसर्जनाच्या व्हिडिओखाली कुणीतरी विचारलं होतं, "दादा, नवीन बातम्या कधी?" त्याखाली मालकाचं उत्तर होतं, "लवकरच," आठ महिन्यांपूर्वीचं. म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाहिनीच्या खात्याची किल्ली कुणाच्या तरी हाती होती. त्यानंतरचं काहीही आम्हाला सापडलं नाही.

पण सापडलं नाही म्हणजे घडलंच नाही, असंही म्हणता येत नाही. मालकाने खाजगी केलेला किंवा काढून टाकलेला व्हिडिओ बाहेरच्याला दिसत नाही. दुवा असणाऱ्यालाच उघडता येणारा व्हिडिओही कप्प्यात येत नाही. समजा, ऑक्टोबर २०२४ मध्ये चार बातम्या टाकून त्याने नंतर त्या काढल्या, तर आपल्याला सप्टेंबरच शेवटचा वाटणार. तेव्हा 'आज दिसणाऱ्यांपैकी शेवटचा' एवढंच बोलावं.

दुकानदारांनी दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना फोन केला. एक नवी बातमी टाका, ती वाहिनीवर दिसली की हजार रुपये देतो, पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात पाहू, असं सांगितलं. गृहस्थ म्हणाले, मालकाला विचारून कळवतो. मालक दुसराच कुणी आहे, हे तेव्हा प्रथम कळलं.