काम बाकी, पण घेतलंय कोणी? भाड्याच्या फ्लॅटमधला कामांचा फळा कसा चालतो

चार जणांचा फ्लॅट असतो, भांडी घासायची असतात आणि प्रत्येकाला वाटत असतं की मागच्या वेळी आपणच घासली होती. यात कोणी खोटं बोलत असेलच असं नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली नवरा-बायकोच्या जोड्यांना वेगवेगळं विचारलं, घरातल्या कोणत्या कामाचा किती वाटा तुमचा? दोघांची उत्तरं एकत्र केली तर बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर जात होती. आपण वाकून घासलेली बादली डोक्यात राहते. दुसऱ्याने घासलेली बादली तेव्हा आपण ड्युटीवर असल्यामुळे दिसलेलीच नसते.

एकत्र राहणाऱ्यांनी भिंतीवर कामांचा फळा लावायचा तो याच कारणाने. त्यावर तीन गोष्टी दिसायला हव्यात: काय बाकी आहे, कोणी घेतलंय आणि आठवण कधी व कशी करायची. तिसरी गोष्ट बहुतेक फळ्यांवर नसते. मग दोन आठवड्यांत फळ्यावर दूधवाल्याचा हिशोब आणि कुणीतरी काढलेलं फूल एवढंच उरतं.

शहापूर: ड्रमचं काम कोणाचं?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत. त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्यामुळे शहापूर, आसनगाव परिसरात भाड्याने राहणाऱ्यांच्या यादीत एक काम येतं, जे चोवीस तास पाणी असलेल्या फ्लॅटमध्ये नसतं. ते म्हणजे ड्रम भरणं आणि ड्रम घासणं.

समजा, शहापुरात चार जणी एक फ्लॅट घेऊन राहतात. एक सरकारी रुग्णालयात नर्स, एक पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका आणि दोघी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनी. पाणी एक दिवसाआड, सकाळी सहा ते सात. मोरीत दोनशे लिटरचा एक मोठा ड्रम आणि एक छोटा.

ड्रम भरण्याचं काम कोणी विसरत नाही, कारण विसरलं तर त्याच दिवशी कळतं. घासण्याचं काम मात्र बाकी आहे हे दिसतच नाही. ड्रम भरलेला असतो, पाणी स्वच्छ दिसतं. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्याजवळ, भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं, ते त्याआधी ही साखळी तोडण्यासाठी. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी कोरडी पडली तरी बरेच महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून आतून ब्रशने घासावंच लागतं. झाकण घट्ट बसत असेल तर धोका कमी होतो, पण मोरीतल्या ड्रमचं झाकण दिवसभर उघडं-बंद होत असतं.

आता हे काम फळ्यावर लिहायचं कसं? बहुतेक जण ‘दर शनिवारी ड्रम’ असं लिहितात, आणि तिथेच चूक होते. पाणी एक दिवसाआड असेल तर पाण्याचा वार दर आठवड्याला बदलतो. एखाद्या शनिवारी पाणी रविवारी येणार असतं, पुढच्या शनिवारी ते त्याच सकाळी येऊन ड्रम भरलेला असतो. भरलेला ड्रम कोण ओतून देणार? पाणीटंचाईच्या तालुक्यात कोणीच नाही, आणि देऊही नये.

त्यापेक्षा पाण्याची पाळी मोजावी. दर तिसऱ्या पाळीच्या आदल्या रात्री ड्रम घासायचा, म्हणजे सहा दिवसांनी एकदा. चार तारखेच्या रात्री घासला असेल आणि पाणी पाच, सात, नऊ, अकरा असं येणार असेल, तर पुढची रात्र दहा तारखेची. फळ्यावरची ओळ अशी होते:

ड्रम घासणं | १० ला रात्री १० पर्यंत (११ ला पाणी) | घेतलं: शिक्षिका | आठवण: ९ ला सकाळी | झालं: —

आठवण नऊ तारखेच्या सकाळी का? कारण त्या सकाळी पाणी भरल्यावर मोठ्या ड्रममधलं पाणी आधी वापरायचं, हे चौघींना माहीत असायला हवं. नाहीतर दहा तारखेच्या रात्री ड्रम अर्धा भरलेला सापडतो. आठवण कामाच्या वेळी करून उपयोग नसतो. काम शक्य होण्यासाठी जी पहिली हालचाल करावी लागते, तिच्या वेळी ती यायला हवी. शिवाय दोन्ही ड्रम एकाच रात्री रिकामे करू नयेत. सकाळी वीज गेली, पंप चालला नाही, तर घरात प्यायलाही पाणी उरणार नाही. मोठा ड्रम एका पाळीला, छोटा त्याच्या पुढच्या पाळीला.

आणि सगळ्यात उपयोगाचा नियम असा: ज्याने काम केलं, त्यानेच पुढची तारीख लिहायची. मोबाइलवर दर आठवड्याचा गजर इथे चुकीच्याच दिवशी वाजेल. घासून झाल्यावर शिक्षिका ‘झालं’खाली वेळ लिहिते आणि लगेच नवी ओळ टाकते, ‘१६ ला रात्री’. ‘घेतलं’ची जागा रिकामी ठेवते.

‘घेतलं’ म्हणजे ‘झालं’ नाही

फळ्यावर हे दोन वेगळे रकाने हवेत. एकच रकाना असेल तर नाव दिसलं की बाकीच्या तिघी काम झालंच समजून निश्चिंत होतात. नाव स्वतःचं स्वतः लिहायचं, दुसऱ्याचं नाही. दुसऱ्याचं नाव लिहिता आलं की फळ्याचा हुकूमनामा होतो, आणि जिचं अक्षर सगळ्यात जास्त दिसतं ती घरातली मुकादम ठरते. सगळ्यांना आठवण करत फिरणं हेही कामच आहे, फक्त ते कोणत्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून आठवण कशी करायची हे काम घेतानाच ठरवावं. शहापूरच्या या चौघींनी, समजा, असं ठरवलं: पहिली आठवण जिने काम घेतलं तिच्याच फोनचा गजर करेल. वेळ टळली तर कोणीही एकदाच, तिला एकटीला मेसेज करेल, आणि मजकूरही आधीच ठरलेला: ‘ड्रम बाकी आहे, जमेल का?’ ग्रुपवर टाकायचा नाही. नाइट ड्युटी करून आलेल्या नर्सला दुपारी चारच्या आधी फोन करायचा नाही. दोन तासांत उत्तर आलं नाही किंवा ‘नाही जमत’ आलं, तर नाव पुसलं जातं, ओळ पुन्हा ‘बाकी’त जाते आणि ज्या कोणाला जमेल ती ते काम घेते. ‘नाही जमत’ म्हणण्याला दंड नाही. दंड ठेवला की लोक काम घ्यायचेच थांबतात, किंवा न करताच ‘झालं’ लिहितात.

नुसता व्हॉट्सॲप ग्रुप याला का पुरत नाही? कारण ‘मी करते’ हा मेसेज रात्रीपर्यंत लग्नाच्या फोटोंखाली गाडला जातो. मेसेज पिन करता येतो, पण जास्तीत जास्त तीस दिवस, आणि त्यात ‘बाकी’ आणि ‘झालं’ शेजारी शेजारी दिसत नाहीत. मोरीच्या दारावर चिकटवलेला कागद तिथून जाणाऱ्या प्रत्येकीला दिसतो, ग्रुप म्यूट केलेल्या मुलीलाही.

मुरबाड: एकमेकांना न भेटणारे तिघे

मुरबाडला रेल्वे नाही, पण एमआयडीसी आहे, आणि तिथे शिफ्टमध्ये काम करणारे खोली वाटून घेतात. अशा खोलीतली अडचण वेगळी. समजा, तिघांपैकी एक जण पहिल्या शिफ्टला, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. सगळे एकत्र जागे असलेला तास दिवसात सापडत नाही. इथे फळा म्हणजे निरोप्या.

गॅसचंच घ्या. सिलिंडर घरपोच देताना नोंदणीकृत मोबाइलवर आलेला कोड डिलिव्हरीवाल्याला सांगावा लागतो. कनेक्शन पहिल्या शिफ्टवाल्याच्या नावावर, तो दुपारी बारा वाजता कारखान्यात, फोन लॉकरमध्ये. घरात तिसऱ्या शिफ्टवाला झोपलेला. दारात सिलिंडर आहे, माणूस आहे, पैसे आहेत, फक्त कोड नाही. सिलिंडर परत जातो आणि संध्याकाळी ‘तू घरी असून घेतला नाहीस?’ यावर वाजतं.

इथे ‘गॅस’ ही एक ओळ लिहिली की घोटाळा ठरलेलाच. ती तीन कामं आहेत आणि तीन वेगळी माणसं ती घेऊ शकतात: नंबर लावणं, कोड फळ्यावर लिहिणं, दार उघडणं. कोड बिल तयार झाल्यावर एसएमएसने येतो, म्हणजे कामावर जाण्याआधी तो लिहून ठेवता येण्याची बरीच शक्यता असते. सिलिंडर आला की पुसून टाकायचा. झोपलेल्याने दार उघडायचं घेतलं असेल, तर त्याने तसं स्वतः लिहिलेलं असायला हवं. घरात आहे म्हणून ते काम आपोआप त्याचं होत नाही.

वीजबिलाचं काम त्या मानाने सोपं. महावितरणच्या बिलावर तारीख छापलेली असते, आणि उशीर झाला तर किती जास्त भरायचे तेही. ती तारीख फळ्यावर उतरवली की झालं.

जे कोणीच घेत नाही

ज्याला जमेल त्याने घ्यावं, ही पद्धत एका जागी हमखास अडते, आणि ती जागा म्हणजे संडास. बाजारहाट, भाजी, पाणी यांवर नावं पटापट पडतात. संडासची ओळ आठवडाभर रिकामी राहते, आणि शेवटी ज्याला घाण आधी सहन होत नाही तोच दर वेळी घासतो. तो सगळ्यांत कामसू असतो असं नाही, फक्त त्याचं नाक तिखट असतं. अशा एक-दोन कामांना सरळ पाळी लावावी, क्रमाने नावं लिहून. परीक्षा किंवा गावाला जाणं असेल तर पाळी अदलाबदल करावी आणि ती अदलाबदलही फळ्यावरच लिहावी.

काही जण कामांना गुण देतात, भांड्यांना दोन, संडासला पाच. कागदावर हे न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यातच कढई धरून भांड्यांचे तीन गुण का नाहीत यावर चर्चा सुरू होते, आणि कढई तशीच पडून राहते.

फळा मरायला लागला हे ओळखायची खूण ‘घेतलं’ रकान्यात असते. तिथे चार दिवसांपूर्वीच्या तारखांसमोर नावं तशीच असतील, तर कोणी वाचत नाहीये. तेव्हा ओळी कमी कराव्यात. रोजचा केर, आपापलं ताट यांची फळ्यावर गरज नसते. सहा-सात ओळींपेक्षा जास्त झाल्या की डोळा त्यावरून तसाच सरकतो. महिन्याच्या शेवटी फळा पुसण्याआधी एक फोटो काढून ठेवावा. घरभाडं वाटून घेताना ‘मीच सगळं करतो’ हे वाक्य आलं, तर तो फोटो उघडून ‘झालं’ रकान्यातली नावं मोजता येतात.