कोऱ्या तक्त्यामागची आग : पुनर्विम्याच्या नूतनीकरणाची फाइल

मंडळी, विमा कंपनीही स्वतःचा विमा काढते, त्याला पुनर्विमा म्हणतात, एवढं आपण मागच्या वेळी बघितलं. आपल्याकडचे बहुतेक वार्षिक करार, म्हणजे ट्रीटी, 1 एप्रिलला नव्या होतात. त्याआधी कंपनी जी फाइल पाठवते तिला या धंद्यात सबमिशन म्हणतात. आज त्यातल्या दोनच गोष्टी बघू: जुन्या नुकसानीचा तक्ता, आणि धंद्यात अलीकडे काय बदललं याची माहिती.

एक काल्पनिक छोटी कंपनी घेऊ. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना ती आगीचा विमा विकते. एका जोखमीवर पहिले 5 कोटी तिचे स्वतःचे, त्यावरचे पुढचे 5 कोटी पुनर्विमा कंपनीचे. गेल्या दहा वर्षांत एकही दावा 5 कोटींच्या वर गेला नाही. म्हणजे तक्ता कोरा. कंपनीचा माणूस खुशीत म्हणतो, "साहेब, तुम्हाला एक रुपया भरावा लागला नाही, दर कमी करा."

पुनर्विमा कंपनी हे ऐकून घेते आणि विचारते, 5 कोटींच्या खालचे दावे कुठे आहेत? रिवाज असा की निदान अर्ध्या रकमेपासूनचे, म्हणजे इथे अडीच कोटींपासूनचे सगळे दावे द्यायचे. का, ते बघा. 2018 साली एका कारखान्याला आग लागली, दावा 4 कोटींचा. तेव्हा तो कंपनीनेच पचवला. पण तीच आग 2025 मध्ये लागली तर? यंत्रं, बांधकाम, कच्चा माल वर्षाला 6 टक्क्यांनी महागले असं धरलं, तर सात वर्षांत किंमत दीडपट होते. 4 चे झाले 6 कोटी. त्यातला 1 कोटी पुनर्विमा कंपनीच्या अंगावर. कोरा तक्ता कोरा राहिला नाही!

आता प्रीमियमची बाजू. 2018 मध्ये तो 40 कोटी होता, आज 80 कोटी. धंदा दुप्पट झाला असं वाटतं. पण तेव्हा दर हजारी 2 रुपये होता, आज 1 रुपया 60 पैसे. आजच्या दराने ते 40 कोटी 32 च भरतात. मालमत्तेच्या किमती दीडपट झाल्या म्हणून ते 48 कोटी धरायचे. म्हणजे 48 कोटींच्या धंद्यावर 1 कोटीचा भार; आजच्या 80 कोटींवर तो साधारण 1 कोटी 67 लाख होतो. दहा वर्षांत असं एकच वर्ष असलं तरी सरासरी वर्षाला 17 लाख, आणि त्यावर खर्च, नफा, अनिश्चितता वेगळी. माझ्या मते हा हिशोब कंपनीने स्वतःच करून द्यावा. नाहीतर समोरचा करतोच, आणि तो 6 ऐवजी 8 टक्के धरतो.

बरं, हे सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: आजचा धंदा कालच्यासारखाच आहे. समजा, तीन वर्षांत कंपनीने पनवेल-उरणकडची गोदामं घ्यायला सुरुवात केली आणि त्यांचा वाटा 10 वरून 35 टक्क्यांवर गेला. कारखान्यात शेड वेगळ्या असतात, आग एका शेडमध्ये अडवता येते. गोदामात उंच रॅकवर, एका छताखाली माल; पेटलं की बहुधा सगळंच जातं. दहा वर्षांचा तक्ता या गोदामांबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. म्हणून सोबत दुसरा तक्ता लागतो: कोणत्या रकमेच्या किती पॉलिसी, त्यात गोदामं किती, स्प्रिंकलर कुठे आहेत.

पिनकोडप्रमाणे विमा रक्कमही लागते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आपली कंपनी 2010 ची असेल तर तो दिवस तिच्या इतिहासात नाही. पण तिचे ग्राहक सखल भागातच आहेत. एका पुरात शंभर पॉलिसी एकदम भिजतात. हा प्रश्न वेगळ्या, आपत्तीच्या कराराचा, म्हणून इथे एवढंच.

फाइलमध्ये गडबड आहे हे कळतं कसं? सोपं आहे हो, गेल्या वर्षीची फाइल शेजारी ठेवायची. दावा क्रमांक तोच, गेल्या वर्षी राखीव रक्कम 2 कोटी, यंदा साडेतीन. असं चार-पाच ठिकाणी दिसलं की आज उघडे असलेले दावेही कमी धरलेत असा अर्थ निघतो. दुसरी खूण तारखेची. आकडे 31 डिसेंबरपर्यंतचे असतात, आणि फेब्रुवारीत लागलेली मोठी आग त्यात नसते. ती पुरवणी पत्राने 1 एप्रिलच्या आत कळवावीच लागते. कारण हा करार परम सद्भावावर चालतो. महत्त्वाची गोष्ट दडवली असं सिद्ध झालं, तर ऐन दाव्याच्या वेळी करारच रद्द ठरवण्याची मागणी होऊ शकते. आणि मग 6 कोटींच्या आगीतले 5 नाही, सहाच्या सहा त्या छोट्या कंपनीलाच भरावे लागतात.