गाऊन परत करण्याआधीची वीस मिनिटे

पदवीदान समारंभाचा गाऊन बहुधा अनामत रक्कम भरून मिळतो आणि त्याच दिवशी परत करावा लागतो. सभागृह सुटते तेव्हा सगळी गर्दी एकदमच बाहेर पडते, आणि घरच्यांसोबतच्या फोटोंसाठी जेमतेम वीस मिनिटे उरतात. त्यांतलीही थोडीच प्रत्यक्ष फोटो काढण्यात जातात. बाकीची जातात माणसे गोळा करण्यात: काका गाडी लावायला गेलेले असतात, आजी सावलीत बसलेली असते, आणि फोन कोणी उचलत नाही.

म्हणून एकटीचे फोटो समारंभाआधीच उरकलेले बरे. गाऊन हातात येताच, केस विस्कटण्यापूर्वी, पाच मिनिटांत ते होतात. प्रमाणपत्र हातात नसले तरी बिघडत नाही. बंद फाइल फोटोत तशीही फाइलच दिसते.

जागाही तेव्हाच ठरवावी. मुख्य दारासमोर सगळ्यांचीच रांग लागते. तिथून थोडे दूर, इमारतीच्या सावलीतली भिंत किंवा व्हरांडा चांगला. भर दुपारच्या उन्हात चौकोनी टोपीची सावली नेमकी डोळ्यांवर पडते. उन्हाशिवाय इलाज नसेल, तर ऊन पाठीशी घेऊन फ्लॅश वापरावा. काळ्या गाऊनने चौकट भरली की कॅमेऱ्याला दृश्य अंधारे वाटते, तो उजेड वाढवतो आणि चेहरे पांढरे पडतात. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी केला की हे टळते.

समजा, नऊ माणसे आहेत: पदवीधर मुलगी, आईवडील, आजीआजोबा, काकाकाकू, धाकटा भाऊ आणि एक मैत्रीण. सभागृह साडेबाराला सुटते, गाऊन एकपर्यंत द्यायचा आहे, आणि गाऊनच्या रांगेसाठी दहा मिनिटे राखून ठेवलेली आहेत. पहिला फोटो सगळ्यांचा. मग काकाकाकू आणि मैत्रीण बाजूला होतात आणि घरचे सहाजण उरतात. त्यानंतर फक्त आजीआजोबा आणि नात. तो झाला की आजीआजोबांना बसायला मोकळे करावे. मग आईवडील, भाऊ, आणि शेवटी मैत्रीण, कारण ती थांबू शकते. मोठ्या घोळक्यातून माणसे कमी करत गेले की मैत्रीण सोडली तर कोणाला पुन्हा हाक मारावी लागत नाही. उलट क्रमाने गेले, तर प्रत्येक फोटोला कोणीतरी हरवलेले असते.

नावे पुकारण्याचे काम भावाकडे द्यावे, कारण फोटो काढणाऱ्याला घरातली नाती ठाऊक नसतात. मोठ्या गटाचे पाच-सहा फोटो सलग घ्यावेत; नऊजणांत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. मोबाइलची रुंद लेन्स टाळून दोन पावले मागे जावे, नाहीतर कडेचे काका उगाच लठ्ठ दिसतात. टोपी सपाट आहे ना, गोंडा चेहऱ्यावर आलेला नाही ना, हे दर गटाआधी पाहावे. एवढ्याशा चुकीने चांगला फोटो वाया जातो, आणि तोवर गाऊन खिडकीतून आत गेलेला असतो.